मार्चअखेर रजा बंद: अपवाद मागायचा कसा, द्यायचा कसा?

फेब्रुवारी संपत आला की चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या अनेक कार्यालयांत एक पत्र फिरते. मजकूर साधारण ठरलेला असतो. मार्चअखेरची कामे पाहता कोणीही रजेवर जाऊ नये, मुख्यालय सोडू नये, गरज पडल्यास सुटीच्या दिवशीही हजर राहावे. बहुतेक पत्रांत शेवटी आणखी एक ओळ असते: अपरिहार्य कारण असल्यास वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी.

पहिल्या ओळी सगळे वाचतात, शेवटची कोणी वाचत नाही. कर्मचारी धरून चालतो की विचारण्यात अर्थ नाही. साहेब धरून चालतात की एकाला दिली तर सगळे रांग लावतील. मग ज्याची खरीच अडचण आहे, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतः आजारी पडतो. कार्यालयाला सकाळी अकरा वाजता मोबाइलवर मेसेज येतो आणि टेबलावरची बिले तशीच पडून राहतात. रजाबंदीने काम वाचवायचे होते, पण न सांगता गेलेल्या माणसामुळे तेच काम अडते.

म्हणून ही शेवटची ओळ नीट वापरायला शिकले पाहिजे, मागणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही.

रजा बंद होते ती कशासाठी?

अपवाद मागण्याआधी बंदी कशाचे रक्षण करते हे समजून घ्यावे लागते. सरकारी खात्यात मंजूर झालेला निधी त्या आर्थिक वर्षापुरता असतो. ३१ मार्चपर्यंत तो खर्ची पडला नाही, तर साधारणपणे व्यपगत होतो. काम झालेले असते, मजुरांनी घाम गाळलेला असतो, पण बिल कोषागारात वेळेत पोहोचले नाही तर पैसे पुढच्या वर्षाच्या तरतुदीकडे डोळे लावून बसतात.

त्यातही अडचण अशी की निधीचे शेवटचे वाटप बरेचदा मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते. एका कार्यालयाकडून परत गेलेली रक्कम दुसऱ्याला मिळते. ती बीम्स प्रणालीवर दिसली की बिल तयार करायचे, प्राधिकारपत्र काढायचे, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि कोषागारात सादर करायचे. हातात कधी चार दिवस असतात, कधी दोन. त्या दोन दिवसांत लेखा शाखेचा माणूस जागेवर नसेल, तर साहेब असून उपयोग नसतो.

आपल्या जंगल जिल्ह्यांत याला दुसरे कुलूप आहे. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते, फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वारा असला तर ती आग पुढे सरकते. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर आला की वनरक्षकाला आपल्या बीटमध्ये पोहोचावे लागते. म्हणजे कार्यालयात बिलांची बंदी आणि जंगलात आगीची बंदी एकाच वेळी सुरू असते.

ही दोन कामे सारखी नाहीत आणि पुढचा सगळा विचार याच फरकावर उभा आहे. बिलाचे काम पुढे ओढता येते. २५ तारखेचे बरेच काम १८ तारखेला उरकता येते. आग मात्र आधी विझवून ठेवता येत नाही, तिथे त्या दिवशी माणूसच लागतो. म्हणून लेखा लिपिकाचा अर्ज ‘काम आधी कसे संपवतो’ हे सांगणारा हवा आणि वनरक्षकाचा अर्ज ‘माझ्या जागी कोण उभा राहील’ हे सांगणारा हवा.

नियम काय सांगतो?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यातला दहावा नियम स्पष्ट आहे: रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर सक्षम अधिकारी रजा नाकारू शकतो, मंजूर केलेली रद्दही करू शकतो. तेव्हा ‘माझ्या खात्यावर दीडशे दिवस शिल्लक आहेत’ हा मार्चमधला मुद्दा होत नाही. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. साठा किती आहे याने ती कधी मिळेल हे ठरत नाही.

पण त्याच नियमाची दुसरी बाजूही आहे. रजा नाकारता येते, मात्र मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्याला परस्पर बदलता येत नाही. अर्जित मागितली आणि त्यांनी आपल्या मनाने बिनपगारी करून टाकली, असे चालत नाही. आणि नाकारण्याचा आधार ‘लोकसेवेची निकड’ हा आहे, नुसता महिना नव्हे. मार्च महिना आहे म्हणजे प्रत्येक टेबलावर, प्रत्येक दिवशी निकड आहेच, असे आपोआप सिद्ध होत नाही. अपवादाची जागा इथे आहे.

रजेचा प्रकारही खरा लिहावा. आईचे ऑपरेशन असेल तर अर्जित रजा मागावी. स्वतःच्या आजारपणाचे प्रमाणपत्र जोडून परावर्तित रजा मागणे हा सोपा वाटणारा, पण वाईट रस्ता आहे. प्रमाणपत्र जोडले म्हणून रजा मिळालीच असे होत नाही, दुसरे वैद्यकीय मत मागवता येते. आजारी माणूस नागपुरात दुसऱ्याच कोणाच्या उशाशी बसलेला दिसला, तर पुढच्या वर्षी त्याची खरी अडचणही कोणी खरी मानत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा, आलापल्लीच्या बाजूला एका वन कार्यालयात लेखा शाखेत काम करणारी एक लिपिक आहे. आईच्या खुब्याचे ऑपरेशन नागपूरला २४ मार्चला ठरले आहे. भाऊ परगावी, वडील थकलेले. तिला २३ ते २७ मार्च अशी पाच दिवसांची रजा हवी आहे. बंदीचे पत्र तिच्या साहेबांचे नाही, वरच्या कार्यालयाचे आहे.

पहिला प्रश्न तिने स्वतःला विचारायचा: तारीख हलते का? अर्जात याचे उत्तर नसेल तर साहेब तोच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. तिने दवाखान्यात विचारले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळत होती, पण हाड मोडलेले असल्याने डॉक्टर थांबायला तयार नाहीत. हे त्यांनी कागदावर लिहून दिले. इथे कारण ‘घरगुती’ राहिले नाही, तपासता येईल असे झाले. उलट तारीख खरोखर हलत असती, तर ती हलवणेच योग्य ठरले असते.

दुसरा प्रश्न: पाच दिवसच का? शहरातल्या माणसाला ऑपरेशनला दोन दिवस पुरे वाटतील. पण आलापल्लीहून नागपूरला जायला एक दिवस जातो आणि यायला एक. एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचाचा कर्मचारी असेल तर हिशेब आणखी ताणतो. वरच्या कार्यालयात बसलेल्याला हे अंतर माहीत असेल असे धरू नये. जाणे एक, ऑपरेशन एक, नंतरचे दोन, येणे एक, असे दिवस मांडून दाखवले की पाचाचा आकडा ताणलेला वाटत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: या पाच दिवसांत माझ्या टेबलावर नेमके काय अडेल? तिने यादी केली. एकूण १४ बिले बाकी आहेत. त्यातल्या ८ बिलांची प्रमाणके पूर्ण आहेत, ती २० मार्चच्या आत कोषागारात जाऊ शकतात. जाळरेषेच्या कामावरच्या मजुरांची ४ बिले वनपरिक्षेत्र कार्यालयांकडून प्रमाणके न आल्याने थांबली आहेत. उरलेल्या २ बिलांना निधीच आलेला नाही, तो नेमका त्याच आठवड्यात येण्याची शक्यता आहे.

ही यादी केल्याबरोबर अडचणीचा आकार बदलतो. ‘मार्चअखेरचे काम’ म्हणजे १४ बिले नव्हेत. आठ आधीच मार्गी लागतात. चारांसाठी आठवडाभर आधीपासून पाठपुरावा करावा लागतो. अनुपस्थितीचा खरा धोका दोन बिलांपुरता आहे. त्या दोघांचे प्रस्ताव तयार करून ठेवायचे, निधी दिसला की सादर करायला दुसरा माणूस हवा.

तो दुसरा माणूस नावानिशी सांगावा लागतो आणि त्याला आधी विचारावे लागते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने हो म्हटले, त्याचे स्वतःचे काम कुठे आहे हेही पाहिले आणि मग त्याचे नाव अर्जात आले. न विचारता नाव टाकले तर अर्ज साहेबांच्या टेबलावरच कोसळतो. साहेब त्याला बोलावतात आणि तो म्हणतो, मला काही माहीत नाही.

इथे एक चूक सर्रास होते. जाणारा माणूस सहकाऱ्याला आपला पासवर्ड सांगून जातो. पैशाच्या व्यवहारात हे कधीच करू नये. तुमच्या लॉगिनमधून जे झाले ते तुम्ही केले असेच धरले जाते. त्या दिवसांसाठी कार्यभार सोपवल्याचा लेखी आदेश काढून घ्यावा आणि ज्याचे काम त्याच्याच लॉगिनमधून व्हावे. हे व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून अर्ज आधी हवा.

अर्ज कसा दिसेल?

अर्जापूर्वी साहेबांना भेटून तोंडी सांगावे. अर्ज हातात पडल्यावर प्रथमच कळणे कोणालाच आवडत नाही. पण तोंडी होकारावर थांबू नये. बंदी वरच्या कार्यालयाची असेल तर खालच्या साहेबांना अपवाद करण्याचा अधिकार नसतो, ते फक्त शिफारस करू शकतात. म्हणून अर्ज योग्य मार्गाने वर जायला हवा आणि त्याला जायला-यायला वेळ मिळायला हवा. आपल्या उदाहरणात तो ५ मार्चच्या सुमारास द्यायला हवा. मजकूर असा असू शकतो:

*विषय: दि. २३ ते २७ मार्च या कालावधीत अपवाद म्हणून अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.*

*महोदय, मार्चअखेर रजा न घेण्याबाबतच्या सूचनांची मला जाणीव आहे. माझ्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया दि. २४ मार्च रोजी नागपूर येथे निश्चित झाली असून ती पुढे ढकलता येणार नाही, असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. घरात सोबत राहू शकेल असे दुसरे कोणी नाही. प्रवासाचे दोन दिवस धरून पाच दिवस आवश्यक आहेत.*

*माझ्याकडील १४ प्रलंबित देयकांपैकी ८ देयके दि. २० मार्चपूर्वी कोषागारात सादर करीन. ४ देयकांची प्रमाणके वनपरिक्षेत्र कार्यालयांकडून दि. १६ मार्चपर्यंत मागविली आहेत. निधीअभावी थांबलेल्या २ देयकांचे प्रस्ताव तयार ठेवून शेजारील शाखेतील सहकाऱ्यांकडे सोपवीन, त्यांची संमती घेतली आहे. तसा कार्यभार आदेश निघावा, ही विनंती. दि. २८ मार्चपासून ३१ मार्चपर्यंत सुटीच्या दिवशीही मी कार्यालयात उपस्थित राहीन. पाच दिवस शक्य नसल्यास किमान दि. २३ ते २५ मार्च ही रजा मिळावी.*

सहकाऱ्याचे नाव आणि पद प्रत्यक्ष अर्जात लिहावे. यात गयावया नाही आणि गेल्या वर्षी आपण किती राबलो याची यादीही नाही. शेवटचे वाक्य विशेष कामाचे आहे. अधिकाऱ्यापुढे हो किंवा नाही एवढेच दोन रस्ते ठेवले तर बंदीच्या काळात ‘नाही’ सोपे असते. मधला रस्ता आपणच दाखवला तर निदान ऑपरेशनच्या दिवशी आईजवळ राहणे हाती लागते.

आकडे मात्र खरे हवेत. २० तारखेला आठऐवजी पाचच बिले गेली असतील, तर ते २१ तारखेला स्वतः सांगावे. मंजुरी अटीवर मिळालेली असते, अट मोडल्यास रजा रद्द होऊ शकते. आणि मंजुरी हातात येण्याआधी निघून जाऊ नये. परवानगीशिवाय गैरहजर राहिले तर मूळ कारण कितीही खरे असो, पुढची चर्चा शिस्तभंगाची होते.

घरात मृत्यू, अपघात, सर्पदंश अशा गोष्टी पंधरा दिवस आधी कळत नाहीत. तिथे हा सगळा आराखडा लागू नाही. साहेबांना फोन करावा, फोन लागला नाही तर वेळ दिसेल असा मेसेज टाकावा, टेबलावरचे अर्धवट काम एका वाक्यात कोणाला तरी सांगावे आणि निघावे. कागद नंतर करावेत, पण परतल्या दिवशीच.

जिथे अपवाद बसत नाही

प्रत्येक खऱ्या कारणाला रजा मिळेलच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. एका बीटला एकच वनरक्षक असतो. शेजारच्या बीटचा वनरक्षक दोन दिवस दोन्ही बीट पाहील, हे वनपालाने मान्य केले तर सुटी शक्य आहे. पण शेजारचा आधीच रजेवर असेल, तर तिसऱ्याला सोडणे म्हणजे जंगल उघडे टाकणे होय. तिथे नकार कठोर वाटला तरी योग्य असतो. लग्नासारखे कारण असेल तर अशा वेळी पूर्ण रजेऐवजी लग्नाचा एकच दिवस मागणे शहाणपणाचे.

खासगी नोकरीत बंदीचा महिना बदलतो. ताडोबाच्या वेशीवर, मोहर्ली-कोलाऱ्याकडच्या रिसॉर्टमध्ये नाताळ ते १ जानेवारी हा गर्दीचा काळ. तिथे बिल नसते, पाहुणा असतो आणि त्याला सेवा त्याच दिवशी लागते. म्हणून तिथला अर्ज वनरक्षकासारखा, बदली माणूस दाखवणारा हवा. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १५ दिवस आधी अर्ज करूनही देय रजा नाकारली, तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. हा हक्क सिद्ध करायला अर्जाची पोच लागते. तोंडी मागितलेल्या रजेला पुरावा नसतो.

साहेबांनी काय करावे?

‘एकाला दिली की सगळे मागतील’ ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय सरसकट नकार हा नाही. तारीख का हलत नाही, काय अडेल आणि ते कोण सांभाळेल, ही तीन उत्तरे लेखी मागितली की हौसेचे अर्ज आपोआप गळतात. बदली माणूस एकदाच वापरता येतो, त्यामुळे चार जणांच्या शाखेत एका वेळी एकापेक्षा जास्त अपवाद बसतच नाहीत. ही मर्यादा बंदीच्या पत्रातच लिहिली, तर पक्षपाताची कुजबुजही थांबते.

नकार द्यायचा तर त्याचे कारणही अर्जातल्या कामाशी जोडलेले हवे. ‘मार्चअखेर असल्याने नामंजूर’ या शेऱ्यावरून अर्ज वाचलाच नाही हे कळते. ‘दोन देयकांचा निधी २४ ते २६ मार्चदरम्यान अपेक्षित असून सुचवलेल्या सहकाऱ्यांकडे निवडणुकीचे काम आहे, सबब दि. २३ ते २५ मंजूर, उर्वरित नामंजूर’ हा शेरा वाचलेल्या अर्जावरचा आहे. कर्मचाऱ्याला तो आवडणार नाही, पण पटेल. आणि उत्तर वेळेत हवे. २२ तारखेच्या संध्याकाळी आलेला होकार नागपूरला पोहोचायला उशिराच असतो.

बंदीच्या पत्रात तीन ओळी वाढवायला कोणताही नवा नियम लागत नाही: अपवादाचा अर्ज कोणाकडे करायचा, कोणत्या तारखेपर्यंत करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. पुढच्या फेब्रुवारीत हे पत्र पुन्हा फिरेलच. त्यात या तीन ओळी असतील, तर २४ मार्चला ती लिपिक खरे कारण सांगून नागपूरला असेल आणि तिची बिले कोषागारात.